षडाष्टक निघालं म्हणून स्थळ सोडण्याआधी: भकूट नीट तपासायचं कसं

स्थळ सांगून येतं, फोटो आवडतात, दोन्हीकडचं शिक्षण-नोकरी जुळते. मग कोणीतरी मोबाइलवर गुणमेलन करतं आणि त्यात भकूटापुढे शून्य दिसतं, खाली लाल अक्षरांत षडाष्टक दोष. नागपुरात महालातल्या जुन्या वाड्यात असो की मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्यानंतर घरातलं बोलणं एकाच वाटेनं जातं. आई म्हणते, "मृत्यूच लिहून आहे न त्यात, आता कशी द्यायची पोरगी?" आणि चांगलं स्थळ तिथंच थांबतं.

पत्रिका मानणाऱ्या घरांसाठी मी हे लिहितो आहे. ज्यांच्याकडे ती बघतच नाहीत, आणि नागपुरात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांना यातलं काही लागणार नाही. पण बघायचीच असेल तर शास्त्रात जेवढं सांगितलं आहे तेवढं पूर्ण बघावं. शून्य पाहून थांबणं म्हणजे अर्धं बघणं. भकूटाच्या श्लोकांना लागूनच परिहाराचे, म्हणजे दोष कशानं जातो ते सांगणारे, श्लोक आहेत, आणि मोबाइलच्या पडद्यावर पुष्कळदा नेमके तेच येत नाहीत.

आधी मोजणी

छत्तीस गुणांत भकूटाचे, म्हणजे राशिकूटाचे, सात गुण. याहून जास्त फक्त नाडीचे, आठ. इथे बघायची ती मुलाची आणि मुलीची चंद्ररास. इंग्रजी तारखेवरून पेपरात वाचतो ती सूर्याची रास वेगळी, तिचा इथे संबंध नाही.

मुलाच्या राशीला एक धरून मुलीच्या राशीपर्यंत मोजा. मग मुलीच्या राशीला एक धरून मुलाच्या राशीपर्यंत मोजा. दोन आकडे मिळतील. दोघांची रास एकच नसेल तर या आकड्यांची बेरीज नेहमी १४ येते. सहा आणि आठ, दोन आणि बारा, पाच आणि नऊ, तीन आणि अकरा, चार आणि दहा, सात आणि सात. बेरीज १४ आली नाही तर मोजणी चुकली. बहुतेक वेळा पहिली रास मोजायची राहिलेली असते.

तीन-अकरा, चार-दहा, सात-सात आणि एकच रास, यांना पूर्ण सात गुण. दोन-बारा म्हणजे द्विर्द्वादश, पाच-नऊ म्हणजे नवपंचम आणि सहा-आठ म्हणजे षडाष्टक, या तिघांना शून्य. मधले गुण भकूटात नाहीत. सात किंवा शून्य, म्हणूनच ते डोळ्यांत भरतं.

आता एक साधा हिशेब. कोणतीही एक रास घ्या. बारा राशींपैकी दोन तिच्याशी षडाष्टकात असतात, दोन द्विर्द्वादशात, दोन नवपंचमात. म्हणजे बारांपैकी सहा राशींशी शून्यच येणार. जगातल्या निम्म्या जोड्यांना भकूटात शून्य मिळतं. हे माहीत असलं की पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे जरा थंड डोक्यानं बघता येतं.

भीती नेमकी कशाची

शके १५२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६०० च्या सुमारास, राम दैवज्ञांनी काशीला 'मुहूर्तचिंतामणी' लिहिला. आजही आपल्याकडचे गुरुजी विवाहाच्या प्रश्नात त्याचाच आधार घेतात. त्यात षडाष्टकाचं फळ मृत्यू, नवपंचमाचं अपत्यहानी आणि द्विर्द्वादशाचं निर्धनता असं सांगितलं आहे.

यामागची कल्पना स्थानांवरून आलेली आहे. कुंडलीत सहावं स्थान रोग, ऋण आणि शत्रूचं, आठवं मृत्यूचं, बारावं खर्चाचं. चंद्र हा मनाचा कारक. एकाचा चंद्र दुसऱ्याच्या चंद्रापासून सहावा असेल तर दुसऱ्याचा त्याच्यापासून आठवा असणारच. म्हणजे दोघांची मनं एकमेकांच्या वाईट घरात बसली, असा अर्थ लावला गेला. द्विर्द्वादशात एकाचं मन दुसऱ्याच्या व्ययस्थानात, म्हणून पैसा टिकत नाही असं म्हणतात.

मुलीच्या आईला यातलं 'मृत्यू' एवढंच ऐकू येतं, आणि ते कोणाचंही काळीज हलवणारं आहे. त्या भीतीला हसून चालत नाही. तिला शांतपणे पुढची पायरी दाखवावी लागते.

पहिली पायरी: रास खरी आहे का

भांडण सुरू करण्याआधी चंद्ररास पक्की करा. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो आणि तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. त्यामुळे राशीच्या मध्यावर चंद्र असेल तर जन्मवेळ तासभर चुकली तरी भकूट बदलत नाही. चंद्र राशीच्या अगदी शेवटी किंवा सुरुवातीला असेल तेव्हा मात्र पंधरा मिनिटंही पुरतात. लग्नरास जन्मगावावर अवलंबून असते, चंद्ररास नाही. जन्म नागपूरचा की माहेरच्या चंद्रपूरचा, यावर भकूट ठरत नाही. मिनिटांवर ठरू शकतं.

नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागलेली आहेत: कृत्तिका, मृग, पुनर्वसू, उत्तरा, चित्रा, विशाखा, उत्तराषाढा, धनिष्ठा आणि पूर्वाभाद्रपदा. यांपैकी नक्षत्र असेल तर नुसतं "चित्रा" लिहून भागत नाही, चरण, म्हणजे नक्षत्राचा कितवा चौथा भाग, लागतोच. चित्राचे पहिले दोन चरण कन्येत, पुढचे दोन तुळेत.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मुलगा मेष राशीचा, अश्विनीचा तिसरा चरण. मुलीच्या जुन्या पत्रिकेत जन्मवेळ सकाळी साडेसहा. त्या वेळी चंद्र कन्येत २९ अंश ५२ कलांवर, म्हणजे चित्राचा दुसरा चरण, रास कन्या. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी. षडाष्टक.

आता या "साडेसहा"कडे बघा. घरात आठवणीनं सांगितलेली वेळ अशीच गोल असते. कन्येची सीमा ओलांडायला चंद्राला फक्त आठ कला हव्यात, म्हणजे जेमतेम पाव तास. मुलीच्या मामांनी कपाट उपसून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधलं आणि त्यावर सहा पन्नास निघाले, तर चंद्र तुळेत गेला. चित्राचा तिसरा चरण. मेष-तूळ सात-सात, पूर्ण सात गुण.

गुणांत काय फरक पडतो तेही मांडतो. नक्षत्र तेच असल्यामुळे तारा, योनी, गण आणि नाडी बदलत नाहीत, आणि या जोडीत वर्ण-वश्यही तेच राहतात. या सहा कूटांचे मिळून साडेतेरा गुण होतात. वश्य, योनी, गण यांत पंचांगागणिक एखादा गुण इकडेतिकडे होतो. रास कन्या धरली तर ग्रहमैत्रीचा अर्धा आणि भकूटाचं शून्य, एकूण १४. रास तूळ धरली तर ग्रहमैत्रीचे तीन आणि भकूटाचे सात, एकूण साडेतेवीस. लोक अठराची रेघ धरून बसतात आणि इथे तीच मुलगी, तोच मुलगा वीस मिनिटांच्या फरकानं रेघेच्या खाली किंवा वर.

वेळ शोधायची कुठे? महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, बाळंतपणाचे केसपेपर किंवा बारशाआधी कोणी वहीत करून ठेवलेली नोंद बघावी. या तिन्हींत दवाखान्याच्या कागदावर जास्त विसंबावं.

दोन चुका वारंवार दिसतात. एक मध्यरात्रीची. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून धरतात, म्हणून "मंगळवारी रात्री दोनला झाली" असं आजी सांगते. इंग्रजी तारखेनं तो बुधवार असतो. सॉफ्टवेअरमध्ये मंगळवारची तारीख भरली तर चंद्र तेरा अंश मागे जातो आणि पुष्कळदा रासच बदलते. दुसरी चूक पंचांगांची सरमिसळ. आपली बहुतेक पंचांगं आणि सॉफ्टवेअर चित्रापक्षाची, तर टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोन्हींच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्र जिथून मोजतात त्या बिंदूत, सुमारे चार अंशांचा फरक आहे. मुलाची पत्रिका एका पद्धतीची आणि मुलीची दुसऱ्या पद्धतीची असेल तर मोजलेलं भकूट निरर्थक. दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीनं पुन्हा करून घ्या.

जन्मवेळच नसेल तर काही जण नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास काढतात. नाव आवडीनं ठेवलेलं असेल तर त्या अक्षराचा चंद्राशी संबंध नसतो. नावराशीवरून आलेल्या षडाष्टकानं स्थळ मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: षडाष्टक कोणतं

कार्ड सापडलं नाही आणि रास कन्याच धरायची, असं समजू. आता षडाष्टकाची जात बघायची. षडाष्टकाच्या जोड्या बारा. त्यांतल्या सहा मृत्युषडाष्टकाच्या, सहा प्रीतिषडाष्टकाच्या. लक्षात ठेवायला सोपी खूण आहे. विषम राशीपासून सहावी रास आली तर मृत्युषडाष्टक, सम राशीपासून सहावी आली तर प्रीतिषडाष्टक. मेष पहिली, म्हणून विषम. तिच्यापासून सहावी कन्या. हे मृत्युषडाष्टक. त्याचप्रमाणे मिथुन-वृश्चिक, सिंह-मकर, तूळ-मीन, धनु-वृषभ आणि कुंभ-कर्क. उलट वृषभ दुसरी, म्हणून सम. तिच्यापासून सहावी तूळ. हे प्रीतिषडाष्टक. बाकीच्या जोड्या कर्क-धनु, कन्या-कुंभ, वृश्चिक-मेष, मकर-मिथुन आणि मीन-सिंह.

फरक राशिस्वामींचा आहे. वृषभ-तूळ दोन्ही शुक्राच्या, मेष-वृश्चिक दोन्ही मंगळाच्या, सिंह-मीनेचे रवी आणि गुरू एकमेकांचे मित्र. या तीन जोड्यांबद्दल कोणाचं दुमत नसतं. उरलेल्या तिघांत मैत्री एका बाजूनं आहे. कन्या-कुंभेत शनी बुधाला मित्र मानतो, पण बुधाला शनी सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू, वाटतो. म्हणून एक गुरुजी "प्रीतिषडाष्टक आहे, करा" म्हणतात आणि दुसरे जरा थांबतात. दोघंही शास्त्र सोडून बोलत नाहीत.

मृत्युषडाष्टकाकडेही असंच बघा. सहा जोड्यांपैकी फक्त सिंह-मकरेत, रवी आणि शनीत, दोन्हीकडून शत्रुत्व आहे. मेष-कन्येत मंगळ बुधाला शत्रू मानतो, बुधाला मंगळ सम आहे. बारांपैकी एका राशीशी मृत्युषडाष्टक होणारच, म्हणजे राशी न बघता झालेल्या लग्नांत साधारण दर बारांमागे एक जोडपं असं असणार. तुमच्या नात्यातली चाळीसेक जोडपी डोळ्यांपुढे आणा. तीन-चार अशी निघतील आणि त्यांचे संसार तुम्हाला माहीत आहेत. 'मृत्यू' हे फळ शब्दशः धरायचं की तीव्र मतभेद म्हणून, याचं उत्तर मला तिथेच मिळतं. मी ते दुसऱ्या अर्थानं घेतो.

तिसरी पायरी: परिहार, आणि त्याची अट

मुहूर्तचिंतामणीत परिहार स्पष्ट आहे. दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल किंवा स्वामी मित्र असतील तर दुष्ट भकूटातही विवाह चालतो. ते नसेल तर चंद्राच्या नवांशाचे, म्हणजे राशीच्या ज्या नवव्या भागात चंद्र आहे त्याचे, स्वामी बघावेत. ते बलवान आणि मित्र असतील तरी दोष जातो. पण या सगळ्याला एक अट आहे, आणि घाईत तीच सुटते: नाडी शुद्ध हवी. एकनाडी असेल तर भकूटाचा हा परिहार लागत नाही.

म्हणून प्रीतिषडाष्टक ऐकून लगेच साखरपुड्याचा हॉल बघू नये. मुलगा मेषेचा अश्विनी आणि मुलगी वृश्चिकेची ज्येष्ठा असेल तर स्वामी एकच, मंगळ. पण अश्विनी आणि ज्येष्ठा दोन्ही आद्य नाडीची. परिहाराची अट तिथेच मोडली. मुलगी वृश्चिकेचीच, पण अनुराधा असती तर तिची मध्य नाडी, आणि मार्ग मोकळा.

आता आपली जोडी. मेष-कन्या, मृत्युषडाष्टक, स्वामींची मैत्री नाही. पहिला परिहार लागत नाही. नवांश बघू. चित्राच्या दुसऱ्या चरणाचा नवांश कन्या, स्वामी बुध. अश्विनीच्या तिसऱ्या चरणाचा नवांश मिथुन, त्याचाही स्वामी बुध. नवांशपती एकच. नाडी बघा, अश्विनी आद्य आणि चित्रा मध्य, म्हणजे शुद्ध. आता एवढंच राहतं की दोन्ही पत्रिकांत बुध बलवान आहे का, नीच किंवा अस्तंगत तर नाही ना. तो ठीक असेल तर मोबाइलवर १४ गुण आणि "मृत्युषडाष्टक" दाखवणाऱ्या या जोडीचा भकूटदोष त्याच ग्रंथाच्या आधारानं जातो. गुण मात्र १४ च राहतात. परिहारानं दोष जातो, आकडा वाढत नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "दोष गेला म्हणता, मग गुण का नाही वाढले" यावरून नवा घोळ होतो.

मुलगा अश्विनीच्या पहिल्या चरणाचा असता तर नवांश मेष, स्वामी मंगळ, आणि हा परिहार लागला नसता. एका चरणाला चंद्राचे सहा तास लागतात. एवढ्यावर इकडचं तिकडे होतं, म्हणून चरण लिहिल्याशिवाय कोणाचंही मत मागू नका.

द्विर्द्वादशाचं थोडक्यात

दोन-बाराची खूणही अशीच सोपी आहे. सम राशीनंतर लगेच येणारी विषम रास, जशी कर्कनंतर सिंह किंवा मकरनंतर कुंभ, हे शुभ द्विर्द्वादश. इथे स्वामी मित्र किंवा एकच असतात. विषमनंतर सम, जशी मेषनंतर वृषभ, हे अशुभ. परिहार आणि नाडीची अट वर सांगितली तीच.

यात मला एक व्यावहारिक मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. लागोपाठच्या राशींची साडेसाती एकमेकींत गुंतते. साडेसात वर्षांपैकी पाच वर्षं दोघांना एकदमच असते. शनी २९ मार्च २०२५ ला मीनेत आला. मीन-मेष हे शुभ द्विर्द्वादश खरं, पण सध्या दोघांनाही साडेसाती चालू आहे. ज्या घरात साडेसाती मानतात त्यांनी घराचं कर्ज, नोकरी बदलणं अशा गोष्टी ठरवताना हे आधी बोलून घ्यावं. लग्न नाकारायचं हे कारण नाही. षडाष्टकात गुंता वेगळा असतो. शनी २०२७ मध्ये मेषेत शिरेल, तेव्हा मेषेच्या मुलाच्या साडेसातीचा मधला टप्पा आणि कन्येच्या मुलीचा अष्टम शनी बरोबरच सुरू होतील. तिची रास तूळ निघाली तर तिला तेव्हा अष्टम शनी नाही.

गुरुजींकडे जाताना

दोघांची जन्मतारीख, वेळ आणि ती वेळ कुठून मिळाली हे एका कागदावर लिहून न्या. "गुण किती" एवढंच विचारू नका. चंद्र किती अंशांवर आहे, षडाष्टक कोणत्या जातीचं आहे, राशिस्वामी आणि नवांशपती कोण, नाडी शुद्ध आहे का, एवढं विचारा. जे गुरुजी यांची उत्तरं न देता थेट शांतीचा खर्च सांगतात, त्यांच्याऐवजी दुसऱ्यांना दाखवा.

समोरून "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला तर तो नेहमी पत्रिकेबद्दल असतोच असं नाही. नकार सौम्यपणे कळवायची ही आपली जुनी रीत आहे. अशा वेळी नवांश घेऊन त्यांच्या दारी जाऊ नये.

आणि एक तपासणी पत्रिकेबाहेरची. नवपंचमाच्या अपत्यहानीनं आणि एकनाडीनं घाबरणाऱ्या घरांना मी हे आवर्जून सांगतो. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. मुलगा आणि मुलगी दोघंही नुसते वाहक असतील तर त्यांना काही त्रास जाणवत नाही, पण त्यांच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे कोणत्याही कूटात दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत दिसतं. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पत्रिका द्यायच्या वेळीच दोन्हीकडून हा रिपोर्टही मागून घ्यावा, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही.